सात की साठ? चाळीस मुलांच्या वर्गातल्या गोंगाटाचा शोध

मधली सुट्टी संपल्याची घंटा होऊन दोन मिनिटं झाली आहेत. सहावीच्या वर्गात चार रांगा, रांगेत पाच बाकं, बाकावर दोघं, अशी चाळीस मुलं. कुणाच्या हातात अजून डबा आहे, कुणी पाण्याची बाटली भरून पळत येतंय, तिसऱ्या बाकावर एका पट्टीवरून ओढाताण चालू आहे. गणिताच्या बाई वर्गात येतात. दोनदा "शांत बसा" म्हणून होतं. तिसऱ्यांदा डस्टर टेबलावर आपटलं जातं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आज्ञा सुटते, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

चाळीस बोटं ओठांवर जातात. वर्ग चिडीचूप. बाई वळून फळ्यावर तारीख लिहायला लागतात, आणि तारीख लिहून व्हायच्या आत मागच्या बाकांवरून कुजबुज सुरू होते. पाच मिनिटांत गोंगाट होता तिथे येतो.

याच वर्गावर पुढच्या तासाला विज्ञानाचे सर येतात. त्यांचा आवाज बाईंपेक्षा हळू, हातात छडी नाही, चेहऱ्यावर राग नाही. तरी तास सुरळीत पार पडतो. मुलं तीच, बाकं तीच, दिवसही तोच. मग फरक कशाचा? शिक्षकखोलीत याची दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, "हा वर्गच वाईट आहे". दुसरं, "सरांचा दराराच तसा आहे". वर्ग वाईट असता तर तो सरांच्या तासालाही वाईटच राहिला असता. आणि दरारा म्हणजे सर नेमकं काय करतात, हे त्या शब्दातून काही कळत नाही.

इथे मांडलेला वर्ग कुठल्या एका शाळेचा नाही. अनेक शाळांमध्ये दिसणाऱ्या तासांवरून जुळवलेला हा नमुना आहे. त्यातला गोंगाट कुठून येतो, हे एकेक धागा सोडवत पाहू.

आवाजावर आवाज चढतो

लग्नाच्या हॉलमध्ये पंगत बसलेली असते तेव्हा शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. कुणी ठरवून ओरडत नाही, पण आजूबाजूचा आवाज वाढला की आपला आपोआप वाढतो. एत्येन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसातज्ज्ञाने 1911 मध्ये ही गोष्ट नोंदवली. रुग्णाच्या कानात आवाज सोडला की तो नकळत मोठ्याने बोलू लागतो आणि आवाज बंद केला की पुन्हा हळू बोलतो, असं त्याला दिसलं. याला लोंबार परिणाम म्हणतात.

चाळीस मुलांच्या खोलीत हा परिणाम जिन्यासारखा चढत जातो. दहा मुलं बोलत असतात, त्यांच्यावर ऐकू जावं म्हणून बाई आवाज चढवतात. आता बाईंच्या आवाजातून शेजारच्याला ऐकू जावं म्हणून ती दहा मुलं आणखी एक पायरी वर जातात. म्हणजे ओरडून वर्ग शांत करायला जाणारी व्यक्ती त्याच जिन्याच्या पायऱ्या चढत असते. संध्याकाळी घसा बसलेल्या शिक्षिका घरोघरी दिसतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

दुसरी अडचण अंतराची. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. वर्गात भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे तो इतका कमी होत नाही. पण परत आलेला आवाज मूळ आवाजात मिसळून शब्द धूसर करतो. वर पत्रा, खाली फरशी, भिंती उघड्या आणि डोक्यावर घरघरणारा पंखा असेल तर मागच्या बाकावर आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. त्यातही स्वर टिकतात, व्यंजनं विरतात. 'सात' आणि 'साठ' यांतला फरक एका व्यंजनाचा आहे, आणि मागे तोच हरवतो.

बाईंनी त्या दिवशी तोंडी गणित घातलं होतं. केळी साठ रुपये डझन, तर सात केळ्यांचे किती? शेवटच्या बाकावरची मुलगी शेजारणीकडे झुकून विचारते, "सात म्हणाल्या की साठ?" बाईंना दिसतं ते एवढंच, की शेवटच्या बाकावर दोघी बोलत आहेत. मुलगी उभी केली जाते. गणित ऐकण्यासाठी तोंड उघडलं आणि त्याचीच शिक्षा झाली. पुढच्या वेळी ती विचारणार नाही. आणि ज्याला गणितच ठाऊक नाही त्याला पुढची दहा मिनिटं करण्यासारखं काही उरत नाही, तेव्हा ती खरोखरच गप्पा मारू लागेल.

घड्याळ लावून पाहिलं तर

बाईंनी विज्ञानाच्या सरांना एक विनंती केली. मोकळ्या तासाला मागच्या बाकावर बसायचं आणि दर मिनिटाला वर्गात काय चाललंय ते वहीत टिपायचं. कोण बोललं हे लिहायचं नाही, त्या वेळी वर्गाला काय काम होतं ते लिहायचं. ही अट महत्त्वाची होती. मॉनिटर फळ्यावर 'बोलणारी मुलं' म्हणून नावं लिहितो, त्यातून फक्त कोण ते कळतं. कधी आणि का, हे कळत नाही.

पस्तीस मिनिटांचा तास संपल्यावर वही उघडली, तेव्हा बाईंना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. गोंगाट तासभर पसरलेला नव्हताच. त्या फळ्यापाशी उभ्या राहून केळ्यांचं गणित समजावत होत्या तेव्हा वर्ग बऱ्यापैकी शांत होता. गोंगाट चार ठिकाणी उसळला होता. सुट्टीनंतर स्थिरावताना, वह्या वाटताना, एक मुलगा फळ्यावर गणित सोडवत असताना, आणि ज्यांची गणितं आधी संपली ती मुलं मोकळी बसली तेव्हा.

वह्यांचा हिशोब सोपा आहे. बाई एकेक नाव पुकारत होत्या, मूल उठून येत होतं, वही घेऊन जागेवर जात होतं. प्रत्येकाला पाच सेकंद धरले तरी चाळीस वह्यांना दोनशे सेकंद, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद लागतात. त्यातले पाच सेकंद मूल कामात असतं आणि उरलेली सव्वातीन मिनिटं रिकामं. फळ्यावरच्या गणिताचंही तसंच. एक मुलगा खडू हातात घेऊन विचार करतो, एकोणचाळीस जणांना काही काम नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला शेजारी मित्र आहे आणि हाताला काम नाही, अशा वेळी ते बोलणारच.

पाण्याची नळजोडणी गळते ती नळीच्या मधोमध क्वचित, गळती असते सांध्यांपाशी. वर्गाचंही तसंच आहे. एक काम संपून दुसरं सुरू होण्याच्या जागेवर वेळ गळतो आणि तिथे गोंगाट भरतो. सरांचा 'दरारा' म्हणजे त्यांचे सांधे घट्ट होते, एवढंच.

वर्तमानपत्र वाचणारा विद्यार्थी

याच प्रश्नावर अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधले मानसशास्त्रज्ञ जेकब कुनिन यांनी वर्षानुवर्षं काम केलं. सुरुवात एका साध्या प्रसंगातून झाली. त्यांच्या व्याख्यानात मागे बसलेला एक विद्यार्थी तोंडासमोर वर्तमानपत्र धरून वाचत होता. कुनिन त्याला रागावले. त्याने वर्तमानपत्र ठेवलं, पण कुनिन यांचं लक्ष गेलं ते बाकीच्यांकडे. ज्यांना कुणी काही बोललं नव्हतं, तेही सावरून बसले, खाली बघू लागले. तळ्यात टाकलेल्या खड्यासारखे तरंग उठले होते.

मग त्यांनी शोध घ्यायला घेतला की कशा प्रकारे रागावलं तर हे तरंग चांगले उठतात. कठोरपणे, समजावून की थोडक्यात? प्राथमिक शाळांतल्या तासांचं चित्रीकरण करून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ते बारकाईने तपासलं. 1970 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी जे लिहिलं, त्याने त्यांच्याच मूळ प्रश्नाला कलाटणी दिली. शिस्त असलेल्या आणि नसलेल्या वर्गांत शिक्षक कसे रागावतात यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक होता तो रागावण्याची वेळ येण्याआधी ते काय करत होते त्यात.

त्यातल्या दोन गोष्टी आपल्या वर्गाला थेट लागू पडतात. पहिली म्हणजे मुलांना 'यांच्या पाठीलाही डोळे आहेत' असं वाटणं. नुसतं बघून हे साधत नाही. योग्य मुलाला आणि योग्य वेळी टोकावं लागतं. कुनिन यांनी शिक्षकांच्या दोन चुका वेगळ्या काढल्या. पट्टी हिसकावणाऱ्याऐवजी "माझी पट्टी दे" म्हणणाऱ्याला टोकणं ही एक, आणि पट्टीची ओढाताण पाच जणांपर्यंत पसरल्यावर टोकणं ही दुसरी. या चुका होत राहिल्या की बाईंना खरं काय घडलं ते कळत नाही, हे मुलं बरोबर ओळखतात. शेवटच्या बाकावरच्या मुलीला उभं करणं ही पहिल्या प्रकारची चूक होती, आणि ती सगळ्या वर्गाने पाहिली.

दुसरी गोष्ट म्हणजे तासाचा प्रवाह. काही शिक्षक एक गणित अर्ध्यात सोडून "अरे, सहलीचे पैसे कुणाचे राहिलेत?" असं विचारतात आणि पुन्हा गणिताकडे येतात. शिक्षकाला ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट वाटते. मुलांचं लक्ष मात्र त्या वळणावर रस्ता सोडून गेलेलं असतं आणि ते परत आणायला बराच वेळ जातो.

ओरडण्याची सवय का सुटत नाही

इतकं असूनही शिक्षक ओरडतात, कारण ओरडल्यावर वर्ग लगेच शांत होतो. ही या सगळ्यातली सर्वांत फसवी गोष्ट आहे.

1968 साली चार्ल्स मॅडसेन, वेस्ली बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात एक प्रयोग केला. मुलं जागेवरून उठली की शिक्षिका "खाली बस" म्हणत. निरीक्षक ठरावीक अंतराने किती मुलं उभी आहेत ते मोजत. मग शिक्षिकांना सांगितलं, आता "खाली बस" जास्त वेळा म्हणा. उठणाऱ्या मुलांची संख्या कमी व्हायला हवी होती, ती वाढली. जागेवर बसून काम करणाऱ्यांचं शिक्षिकांनी कौतुक केलं तेव्हा मात्र ती घटली.

कारण उघड आहे. उभं राहिलं की बाई बघतात, नावाने बोलतात. चाळीस जणांच्या वर्गात मुलाच्या वाट्याला बाईंचं लक्ष फार थोडं येतं, आणि रागावून मिळालेलं लक्ष हेही लक्षच असतं. पण ज्याला "बस" म्हटलं ते मूल त्या क्षणी बसतं, म्हणून उपाय लागू पडला असं शिक्षकाला वाटतं. दोन मिनिटांनी दुसरं कुणी उठतं ते त्याचाच परिणाम आहे, हे दिसत नाही. 'तोंडावर बोट' याच जातीचा उपाय आहे. त्यातून ताबडतोब मिळणारी शांतता हे शिक्षकाला मिळालेलं बक्षीस असतं, म्हणून ती आज्ञा पुन्हा पुन्हा दिली जाते.

याचा अर्थ सगळ्याकडे कानाडोळा करायचा, असा नाही. मारामारी, चिडवणं, कुणाला इजा होईल अशी गोष्ट तिथल्या तिथे थांबवायलाच हवी. कानाडोळा चालतो तो पेन्सिलीचा टकटकाट, एखादी कुजबुज अशा गोष्टींकडे. कौतुकही "शाबास, छान" इतकं ढोबळ असेल तर मुलं दोन दिवसांत त्याला दाद देणं सोडतात. "दुसऱ्या रांगेने वह्या उघडून तारीखसुद्धा घातली" असं नेमकं म्हटलं की काय करायचं होतं, ते इतर तीन रांगांनाही कळतं.

> चौकट : मागच्या बाकावरची निरीक्षणवही
> एक सहकारी, एक घड्याळ, एक तास पुरतो. पानावर तीन रकाने आखावेत: मिनिट, वर्गाला दिलेलं काम, हातात काम नसलेल्या मुलांचा अंदाजे आकडा. मुलांची नावं लिहू नयेत. तासानंतर आकडा मोठा असलेल्या ओळींभोवती गोल करावा. त्या बहुतेक एका कामातून दुसऱ्या कामाकडे जातानाच्या असतात. त्यांतली एकच निवडून पुढच्या आठवड्यात तेवढीच बदलावी आणि पुन्हा मोजावं.

सांधे घट्ट करताना

बाईंनी पहिल्यांदा वह्यांचा सांधा घेतला. गोळा करतानाच प्रत्येक रांगेच्या वह्या मागून पुढे सरकवत आणायच्या आणि रांगेचा गठ्ठा वेगळा ठेवायचा. वाटताना पहिल्या बाकावर दहा वह्यांचा गठ्ठा ठेवायचा, दोघांनी आपल्या काढून मागे द्यायचा. कुणी जागेवरून उठत नाही. चार रांगांत एकाच वेळी काम चालतं आणि मिनिटभराच्या आत वह्या पोचतात. पहिल्या दिवशी गठ्ठा दोनदा खाली पडला, तिसऱ्या रांगेत चुकीच्या वह्या गेल्या. बाईंनी पुन्हा गोळा करून पुन्हा वाटायला लावल्या. पाढा पाठ करून घेतात तसा हा सराव होता. 'सहावीतल्या मुलांना एवढं कळायला हवं' असं म्हणून हा सराव टाळला की पद्धत आठवड्यातच मोडते.

सुट्टीनंतरच्या गोंधळासाठी त्या आधीच येऊन फळ्यावर दोन गणितं लिहून ठेवू लागल्या. गणितं कालच्याच प्रकारची, कुणाची मदत न लागणारी. आत येणाऱ्या मुलाला बाईंच्या आज्ञेची वाट पाहावी लागत नाही. गणितं अवघड असली तर हा उपाय उलटतो. अडलेली मुलं विचारायला उठतात आणि गोंगाट आधीपेक्षा वाढतो. एका सोमवारी तसं झालंही.

शांततेची खूणही ठरली. बाई फळ्याच्या डाव्या कडेला उभ्या राहून हात वर करतात, बोलत नाहीत. ज्याला दिसेल त्याने हात वर करून बोलणं थांबवायचं. इथे लोंबारचा जिना उलटा उतरतो. थोडी मुलं गप्प झाली की उरलेल्यांना आपलाच आवाज मोठा ऐकू येतो आणि तीही थांबतात. पहिले दोन दिवस हे जमलं, तिसऱ्या दिवशी बिघडलं. घाईत बाई पाच-सहा जण बोलत असतानाच पुढचं सांगू लागल्या होत्या. हात वर असतानाही बोलत राहिलं तर चालतं, हा धडा वर्गाने लगेच घेतला. पुन्हा सगळे थांबेपर्यंत न बोलण्याचं पथ्य पाळायला आठवडा गेला.

सर्वांत मोठा बदल जुन्या पाटीने केला. एकाला फळ्यापाशी बोलावण्याऐवजी सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं, पाटी उलटी धरायची आणि "दाखवा" म्हटलं की वर करायची. आता चाळीसच्या चाळीस हातांना काम असतं आणि बाईंना एका नजरेत वर्ग वाचता येतो. केळ्यांचं गणित पुन्हा तोंडी घातलं तेव्हा बऱ्याच पाट्यांवर पस्तीस होते. काहींवर मात्र तीनशे. तीनशेवाल्या पाट्या जवळजवळ सगळ्या शेवटच्या दोन बाकांवरच्या होत्या. साठ रुपये डझनाने साठ केळी म्हणजे पाच डझन, म्हणून तीनशे. गणित अगदी बरोबर, ऐकलेला आकडा चुकीचा. त्या दिवसापासून बाई तोंडी गणितातले आकडे फळ्यावर लिहू लागल्या, दर आठवड्याला बाकं एकेक जागा पुढे सरकू लागली आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीला सगळ्यांसमोर "तू बरोबर विचारलं होतंस" असं सांगितलं गेलं.

जिथे ही पद्धत अपुरी पडते

चार आठवड्यांनी पुन्हा सर वही घेऊन बसले. तीन सांध्यांपाशी गोंगाट आटला होता. चौथा, म्हणजे लवकर गणितं संपवणाऱ्यांचा, कायम होता. त्यांना आणखी तशीच गणितं दिली की ती ते शिक्षा समजत. शेवटी त्यांना स्वतः एक गणित रचून शेजाऱ्याला घालायला सांगितलं. त्यातही बोलणं होतंच, पण ते गणिताचं होतं. गोंगाट आणि कामाचा आवाज यांतला फरक मागच्या बाकावरून ओळखता येतो. कामाच्या आवाजात आकडे ऐकू येतात.

एक मुलगा मात्र कुठल्याच उपायाला बधला नाही. वर्गासाठीच्या पद्धती बहुतेकांना लागू पडतात, सगळ्यांना नाही. अशा वेळी मूल वाईट आहे असं ठरवण्याआधी त्याला ऐकू नीट येतं का, फळा दिसतो का, घरून ते उपाशी येतं का आणि त्याला वाचता येतं का, या चार गोष्टी तपासायला हव्यात. वाचता न येणाऱ्या मुलासाठी फळ्यावरची दोन गणितं हे काम नसतं, ती नुसती चित्रं असतात.

छडीचा मार्ग कायद्यानेही बंद आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई करतं. याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे किमान एक शिक्षक असावा असं लिहिलं आहे. चाळीस मुलांचा वर्ग त्यापेक्षा पाचाने मोठा आहे. वह्या कितीही चटकन वाटल्या तरी त्या पाच जणांच्या वह्या तपासायचा वेळ बाईंना घरूनच काढावा लागतो. त्याचं उत्तर वर्गात नाही, शिक्षक नेमणाऱ्यांकडे आहे.

शाळेला आज करता येण्यासारखी गोष्ट लहान आहे. मुख्याध्यापकांनी प्रत्येक शिक्षकाला महिन्यातून एक मोकळा तास सहकाऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसायला द्यावा, आणि त्या वहीतलं एकही अक्षर त्या शिक्षकाच्या गोपनीय अहवालात जाणार नाही, एवढं आधी सांगावं.